पीएनआर आला, पण तिकीट निघालं का? एजंट आणि बुकिंगच्या साइट तपासण्याबद्दल

वारसिया_रोड

नमस्कार मंडळी. आई-बाबा जूनमध्ये भावाकडे टोरोंटोला जाणार आहेत. एअर इंडिया, अहमदाबाद–दिल्ली–टोरोंटो आणि त्याच मार्गाने परत. दोघांचे मिळून २,३४,००० रुपये. एअरलाइनच्या साइटवर हेच २,५८,००० च्या आसपास दिसत होतं, म्हणून ओळखीतून कळलेल्या एका एजंटकडून घेतलं. त्याचं बडोद्यात दुकान असं नाही, एक साइट आहे आणि बाकी सगळं व्हॉट्सॲपवर. काल दुपारी पूर्ण पैसे आयएमपीएसने दिले. रात्री पीडीएफ आली. त्यात सहा अक्षरांचा पीएनआर, दोघांची नावं, चारही फ्लाइट आणि वर हिरव्या अक्षरांत `Confirmed`.

एअर इंडियाच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकलं की बुकिंग उघडतं. बाबा म्हणतात, झालं काम. भाऊ म्हणतो, यात तिकीट नंबरच नाही. कोणाचं बरोबर? आणि त्या एजंटची साइट खरी की खोटी हे आता कसं बघू?

मांजलपूरकर

बाबांचं बरोबर आहे. पीएनआर खोटा असता तर एअरलाइनच्या साइटवर उघडलाच नसता. हवं तर सीट निवडून बघा. सीट मिळाली म्हणजे तिकीट पक्कं.

फतेहगंज_काउंटर

मांजलपूरकर, पीएनआर खोटा नाही हे बरोबर, पण सीटवर विसंबू नका. साइटवर उघडणारा पीएनआर खोटा नसतो, पण तो फक्त आरक्षणाचा असतो. काही एअरलाइन तिकीट निघायच्या आधीही सीट निवडू देतात, त्यामुळे सीट हा पुरावा धरता येत नाही.

विमानाच्या कामात दोन वेगळ्या नोंदी असतात. एजंट त्याच्या प्रणालीत नावं आणि फ्लाइट टाकतो, जागा धरली जाते, पीएनआर तयार होतो. इथपर्यंत एअरलाइनला एक रुपयाही गेलेला नसतो. मग एजंट भाडं भरून तिकीट काढतो, आणि तेव्हा प्रत्येक प्रवाशाच्या नावाने एक तेरा आकडी तिकीट क्रमांक तयार होतो. विमानतळावर चेक-इनला हाच लागतो. पीएनआर आहे आणि मागे तिकीट नाही, अशा प्रवाशाला काउंटरवर बोर्डिंग पास देता येत नाही, जागा रिकामी असली तरी.

धरलेल्या जागेला मुदत असते. आम्ही तिला टाइम लिमिट म्हणतो. ती भाड्याच्या नियमाप्रमाणे कधी काही तासांची, कधी दोन-तीन दिवसांची असते. तेवढ्यात तिकीट निघालं नाही तर एअरलाइनची प्रणाली आपोआप जागा सोडून देते. म्हणून आज उघडणारं बुकिंग परवा उघडेलच असं नाही. पीडीएफवरचं `Confirmed` हे जागेबद्दल आहे, तिकिटाबद्दल नाही. आणि पीडीएफ कोणालाही हवी तशी बनवता येते, त्यामुळे तिच्यावर काय छापलंय याला तपासात फारसं वजन देऊ नका.

वारसिया_रोड, भावाचं बरोबर आहे. आता हे करा. `airindia.com` स्वतः टाइप करा, एजंटने पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका. बुकिंग उघडून प्रवाशांच्या नावांच्या आसपास तिकीट क्रमांक दिसतो का बघा. एअर इंडियाचा क्रमांक `098` ने सुरू होतो आणि पुढे दहा आकडे असतात. दिसला नाही, किंवा पैसे बाकी असल्यासारखं काही लिहिलं असेल, तर एअरलाइनच्या त्याच साइटवरून फोन नंबर घ्या आणि विचारा: "या पीएनआरवर दोन्ही प्रवाशांची तिकिटं इश्यू झाली आहेत का? क्रमांक वाचून दाखवाल का? नसतील तर टाइम लिमिट कधीची आहे?" हे तीन प्रश्न पुरतात. 'बुकिंग कन्फर्म आहे का' एवढंच विचारलंत तर समोरचा 'हो' म्हणेल, आणि ते खरंही असेल.

प्रतापनगर_स्टेशन

एवढी घाई कशाला? चार्ट तयार झाला की कळेलच ना. पीएनआर स्टेटसला सीएनएफ आलं की झालं.

फतेहगंज_काउंटर

ते रेल्वेचं झालं, प्रतापनगर. रेल्वेत दहा आकडी पीएनआर पैसे भरल्यावरच तयार होतो, म्हणून तिथे पीएनआर हातात असणं म्हणजे तिकीट हातात असणं. विमानात पीएनआर पैशाच्या आधी येतो. बरेच जण रेल्वेच्या सवयीने विमानाचा पीएनआर वाचतात आणि फसवणारे याच सवयीचा फायदा घेतात. त्यांना खोटा पीएनआर बनवायची गरजच पडत नाही. खरा पीएनआर धरायचा, पैसे घ्यायचे, आणि मुदत संपली की जागा आपोआप सुटते.

विमानाचा चार्ट असा लागत नाही. वेब चेक-इन उघडायच्या वेळेची वाट बघत बसलात तर उड्डाणाला जेमतेम एक-दोन दिवस उरलेले असतील, आणि त्या वेळचं भाडं दुप्पट असू शकतं.

सुरसागर_काठ

माझी अडचण थोडी वेगळी आहे. तिकीट रद्द करून रिफंड हवा होता. गुगलवर एअरलाइनचा कस्टमर केअर नंबर शोधला, सगळ्यात वरचा लावला. तो माणूस म्हणाला रिफंड अडकलाय, एक ॲप टाका आणि दहा रुपये भरून खातं पडताळा. मी फोन ठेवला. पण तो नंबर खरा होता की खोटा हे अजून कळलं नाही.

अकोटा_नेट

खोटा होता, सुरसागर. ते ॲप तुमची स्क्रीन त्याला दाखवणारं असतं, आणि दहा रुपये भरताना टाकलेला पिन त्याला दिसतो. रिफंड ज्या मार्गाने पैसे गेले त्याच मार्गाने परत येतो, त्यासाठी कुठलंही ॲप किंवा पिन लागत नाही. फोन ठेवलात ते बरं केलंत. ॲप टाकलं असेल तर काढून टाका, आणि बँकेच्या ॲपचा पासवर्ड बदला.

शोधात सगळ्यात वर येणारा निकाल बहुतेक वेळा जाहिरात असतो, त्यावर `Sponsored` लिहिलेलं असतं. पैसे देऊन ती जागा कोणालाही मिळते. नंबर एअरलाइनच्या साइटवरून किंवा जुन्या खऱ्या तिकिटाच्या ईमेलमधून घ्यावा.

वारसिया_रोड यांनी साइट कशी ओळखायची विचारलं होतं, त्यावर लिहितो. कुलपाचं चिन्ह आणि `https` यांवर जाऊ नका. तुमच्या आणि त्या साइटच्या मधला संवाद कोणी वाचू शकत नाही, एवढंच त्यातून कळतं. साइट कोणाची आहे हे कळत नाही. चोराच्या साइटलाही कुलूप असतं, फुकट मिळतं.

पत्ता वाचायची पद्धत अशी: `https://` नंतर येणारी पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे या. रेघेच्या लगेच आधीचा भाग खरा मालक सांगतो. उदाहरण बनवून देतो:

```
https://airindia.com.ticket-desk.example/manage
https://www.airindia.com/
```

पहिल्यात `airindia.com` दिसतंय, पण ते फक्त पुढे चिकटवलेलं नाव आहे. रेघेच्या आधी `ticket-desk.example` आहे, म्हणजे साइट त्याची. मोबाइलवर ब्राउझर लांब पत्ता कापून दाखवतो आणि नेमका हाच भाग नजरेआड जातो. पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा आणि मग वाचा.

दुसरं, पत्ता कधी नोंदवला ते बघता येतं. `lookup.icann.org` वर साइटचं नाव टाका, `Created` अशी तारीख मिळेल. साइटवर 'गेली पंधरा वर्षं आपल्या सेवेत' लिहिलंय आणि पत्ता सात आठवड्यांपूर्वीचा असेल, तर तिथेच थांबा. उलट मात्र धरू नका. जुना पत्ता विकतही घेता येतो, तेव्हा तारीख जुनी आहे म्हणून साइट चांगली ठरत नाही.

तिसरं, पैसे भरायच्या क्षणी काय होतं ते बघा. बनावट साइटवर फ्लाइट, वेळा, भाडं सगळं नीट दिसतं, कारण ते दुसरीकडून उचललेलं असतं. तुम्ही नावं, पासपोर्ट आणि फोन नंबर भरता, मग पान म्हणतं 'भाडं बदललं आहे, आमचा प्रतिनिधी फोन करेल', किंवा कार्ड दोनदा नाकारलं जातं. नंतर फोन येतो आणि क्यूआर कोड पाठवला जातो. तो स्कॅन केल्यावर यूपीआय ॲपमध्ये जे नाव येतं ते खात्याला जोडलेलं नाव असतं. तिथे कंपनीऐवजी कुणा माणसाचं नाव आलं तर पिन टाकू नका.

वारसिया_रोड

सगळ्यांचे आभार. एअरलाइनला फोन केला. त्यांनी सांगितलं की पीएनआर चालू आहे, दोघांच्या जागा चारही फ्लाइटवर आहेत, पण तिकीट इश्यू झालेलं नाही. टाइम लिमिट उद्या रात्री ११:५९ पर्यंत. एजंटला विचारलं तर म्हणाला, "तिकिटिंग चालू आहे, टेन्शन घेऊ नका."

अकोटा_नेट, साइटचा पत्ता तीन वर्षांपूर्वीचा आहे. खाली जीएसटी नंबर आणि 'आयाटा ॲप्रूव्हड' लिहिलंय. पैसे ज्या खात्यात गेले ते फर्मच्या नावाचं चालू खातं आहे.

निजामपुरा_हिशोब

जीएसटी नंबर दोन मिनिटांत तपासता येतो. `services.gst.gov.in` वर `Search Taxpayer` मध्ये जा आणि पंधरा अक्षरांचा क्रमांक टाका. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, गुजरातचे `24`. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. तिथे कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख, पत्ता आणि `Active` की `Cancelled` हे दिसेल.

नुसता नंबर खरा आहे एवढं बघून थांबू नका, कारण दुसऱ्याचा खरा नंबर उचलून आपल्या साइटवर छापणं सोपं आहे. तीन नावं जुळवा: जीएसटीवरचं, बँक खात्याचं आणि बिलावरचं. एजंट स्वतःला बडोद्याचा म्हणवतो आणि नंबर `27` ने सुरू होत असेल, तर ती नोंदणी महाराष्ट्रातली आहे. त्यात गुन्हा काही नाही, पण कारण विचारा. नोंदणी रद्द झालेली असेल आणि तो बिलात जीएसटी लावत असेल, तर मात्र व्यवहार थांबवा.

हरणी_पार्क

आयाटाचा नंबर नसेल तर एजंट बोगस समजायचा, एवढं सोपं आहे.

फतेहगंज_काउंटर

नाही हो, हरणी. असं म्हटलं तर बडोद्यातले निम्मे प्रामाणिक एजंट बोगस ठरतील. आयाटा म्हणजे एअरलाइनची जागतिक संघटना. तिची मान्यता असलेला एजंट थेट एअरलाइनची तिकिटं काढू शकतो, त्याचा आठ आकडी कोड असतो आणि आयाटाच्या साइटवर कोड पडताळायची सोय आहे. रावपुऱ्यातले, अलकापुरीतले कितीतरी छोटे एजंट मात्र सब-एजंट असतात. ते कन्सॉलिडेटरकडून, म्हणजे छोट्या एजंटांना घाऊक तिकिटं पुरवणाऱ्या मोठ्या एजंटकडून, तिकीट घेतात. तिकीट कन्सॉलिडेटरच्या कोडवर निघतं आणि तरी पूर्ण खरं असतं.

तेव्हा कोड नसणं हा दोष नाही. कोड असल्याचं खोटं सांगणं हा दोष आहे. 'आयाटा ॲप्रूव्हड' लिहिलंय तर त्याच्याकडून आठ आकडी कोड मागा आणि पडताळा. "आम्ही सब-एजंट आहोत, अमुक कन्सॉलिडेटरकडून काढतो" असं सरळ सांगणारा माणूस मला जास्त विश्वासाचा वाटतो.

वारसिया_रोड, तुमच्या बाबतीत एक शक्यता लक्षात ठेवा. सब-एजंट कन्सॉलिडेटरकडे आगाऊ रक्कम भरून ठेवतात, बोलीभाषेत वॉलेट. त्यात पैसे कमी असले की पीएनआर धरला जातो पण तिकीट निघत नाही, आणि तुमच्या पैशातून आधीच्या कोणाचं तिकीट निघतं. ही फसवणूक म्हणून सुरू होत नाही, पण तुमच्या आई-बाबांसाठी शेवट तोच होऊ शकतो. उद्या संध्याकाळी सहाची वेळ त्याला लेखी द्या: तोपर्यंत दोन्ही तिकीट क्रमांक, नाहीतर पैसे परत. व्हॉट्सॲपवर लिहूनच द्या, फोनवर नको.

मांजलपूरकर

पण मग पैसे आधी द्यायचेच कशाला? तिकीट नंबर दाखव, पैसे घे.

निजामपुरा_हिशोब

एजंटच्या बाजूनेही बघा. तिकीट निघालं की रक्कम त्याच्या वॉलेटमधून गेली. तुम्ही नंतर नाही म्हणालात तर रद्द करायचा खर्च त्याच्या अंगावर. अनोळखी गिऱ्हाइकाला तो सव्वादोन लाख उधार का देईल?

मांजलपूरकर

आणि अनोळखी एजंटला मी का देऊ?

अकोटा_नेट

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात आणि हा गुंता पूर्ण सुटत नाही. मला त्यातल्या त्यात दोन मार्ग सुरक्षित वाटतात. एक, एजंटच्या दुकानात बसून पैसे द्यायचे आणि तिकीट क्रमांक घेऊनच उठायचं. काढायला काही मिनिटं लागतात, त्यामुळे 'उद्या पाठवतो' म्हणायचं कारण उरत नाही. दोन, क्रेडिट कार्डाने द्यायचे. सेवा मिळालीच नाही तर बँकेकडे चार्जबॅकचा दावा करता येतो. एजंट कार्डाचा दोन टक्के खर्च मागेल. आयएमपीएसने स्वतः पाठवलेला पैसा बँकेकडून असा परत मागता येत नाही.

फतेहगंज_काउंटर

दुकानात बसून काढायचं, याला माझा पाठिंबा. अर्धे आधी आणि अर्धे नंतर हे मात्र मोठ्या तिकिटाला सहसा कोणी मान्य करत नाही.

वारसिया_रोड

ताजी खबर. पाच वाजता एजंटने पाठवलं: "तिकिट नं." आणि खाली एकच क्रमांक, `098` ने सुरू होणारा, पुढे दहा आकडे. म्हणतो, दोघांचा हाच. आता ठीक ना?

फतेहगंज_काउंटर

ठीक नाही. तिकीट माणशी असतं. दोन प्रवासी म्हणजे दोन क्रमांक, मांडीवरच्या बाळाचाही वेगळा. एकत्र काढले तर बहुधा पाठोपाठचे येतात, पण एकच कधीच नसतो.

एका तिकिटात चार कूपन मावतात, म्हणजे चार फ्लाइट. तुमच्या प्रवासात जाताना दोन, येताना दोन, बरोबर चार. म्हणून माणशी एकच क्रमांक पुरतो. कुणाच्या प्रवासात पाच-सहा फ्लाइट असतील तर एका माणसाला दोन जोडक्रमांक मिळतात. तेव्हा ते बघून घाबरू नये.

परत फोन लावा. आलेला क्रमांक द्या आणि विचारा की तो कोणाच्या नावाचा आहे, चारही कूपनांचं स्टेटस काय आहे. उत्तर `OPEN` यायला हवं. `VOID` म्हणजे काढून रद्द केलेलं, `REFUNDED` म्हणजे पैसे परत घेतलेलं, `EXCHANGED` म्हणजे बदलून दुसरं काढलेलं. या तिन्हींवर प्रवास होत नाही, क्रमांक खरा असला तरी.

हरणी_पार्क

आणि पहिले तीन आकडे ज्या एअरलाइनने उडायचं तिचेच हवेत, नाहीतर खोटं. एमिरेट्सचे `176`, लुफ्थान्साचे `220`.

फतेहगंज_काउंटर

आकडे बरोबर दिलेत, नियम अर्धा. पहिले तीन आकडे तिकीट काढणारी एअरलाइन सांगतात, उडवणारी वेगळी असू शकते. दोन एअरलाइनचा जोडप्रवास असेल तर अख्खं तिकीट एकीच्याच क्रमांकावर निघतं. मग `220` चं तिकीट आणि मधलं एक विमान भलत्याच कंपनीचं, असं दिसणं स्वाभाविक आहे. अशा वेळी ज्या एअरलाइनचे आकडे आहेत तिच्याकडे तिकीट तपासायचं. उडवणाऱ्या कंपनीचा पीएनआर वेगळा असू शकतो, तोही एजंटकडून मागून घ्या, तिच्या साइटवर तोच चालतो.

सयाजीबाग_सकाळ

मी गोव्याचं इंडिगोचं तिकीट काढलंय. त्यात तेरा आकडी नंबर नाहीच. आता हे वाचून धास्ती वाटते. ते खोटं का?

फतेहगंज_काउंटर

नाही, ताई. इंडिगोच्या देशांतर्गत साध्या बुकिंगमध्ये असा क्रमांक सहसा नसतोच, त्यांची पद्धत वेगळी आहे. तिथे पीएनआर हेच तिकीट. `goindigo.in` वर पीएनआर आणि आडनाव टाका. बुकिंग कन्फर्म आणि पैसे पूर्ण आलेले दिसले, बाकी रक्कम शून्य असली की झालं. वरचा तेरा आकडी नियम एअर इंडिया, लुफ्थान्सा, एमिरेट्स अशा एअरलाइनसाठी.

वारसिया_रोड

फोन केला. तो क्रमांक आईच्या नावाचा आहे, चारही कूपन `OPEN`. बाबांचं तिकीट निघालेलं नाही. एजंट आता म्हणतो, "सिस्टिम स्लो आहे, रात्री येईल." मुदत रात्री ११:५९.

फतेहगंज_काउंटर

म्हणजे एकाच तिकिटापुरते पैसे वॉलेटमध्ये होते. सिस्टिम स्लो असती तर आईचंही निघालं नसतं.

आता मुख्य धोका असा की बाबांची जागा सुटली तर दोघं वेगळ्या बुकिंगवर जातील आणि बाबांना आजचं भाडं मिळणार नाही. एजंटला स्पष्ट लिहा की दहा वाजेपर्यंत बाबांचा क्रमांक हवा. नाहीतर बाबांच्या वाट्याचे १,१७,००० परत करून जागा चालू असतानाच कळवा, म्हणजे तुम्ही दुसरी सोय करू शकाल. आईचं तिकीट रद्द करायला चुकूनही सांगू नका. रिफंड ज्याने तिकीट काढलं त्याच्या खात्यात जातो, तुमच्या नाही.

निजामपुरा_हिशोब

दहाला उत्तर नाही आलं किंवा फोन बंद झाला तर १९३० वर लगेच कॉल करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. ज्या खात्यात पैसे गेले तिथे शिल्लक असेल तर ती रोखली जाऊ शकते, म्हणून तास महत्त्वाचे. व्यवहार क्रमांक, खाते क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट आणि पीडीएफ हाताशी ठेवा. एजंट बोलतोय, पण टाळाटाळ करतोय, अशी स्थिती असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

वारसिया_रोड

९:४० ला बाबांचा क्रमांक आला. आईच्या क्रमांकापेक्षा बराच पुढचा आहे. एअरलाइनकडे पडताळला, बाबांच्याच नावाचा, चारही `OPEN`. दोघं त्याच पीएनआरवर आहेत. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः काउंटर काकांचे.

फतेहगंज_काउंटर

वेगळ्या वेळी काढलं म्हणून क्रमांक पुढचा, त्याची काळजी नको. पण उद्या दुपारी आणखी एकदा विचारा. काढलेलं तिकीट एजंट त्याच दिवशी `VOID` करू शकतो, जवळजवळ काही खर्च न येता. रात्री क्रमांक दाखवून बारा वाजायच्या आत मारून टाकणारे असतात. दुसऱ्या दिवशीही `OPEN` असेल तर ती वाट बंद झाली. नंतर तो रिफंड टाकू शकतोच, म्हणून निघायच्या आठ-दहा दिवस आधी परत एकदा बघा. पीएनआरमध्ये एजंटच्या नंबरऐवजी बाबांचा मोबाइल आणि ईमेल घालून घ्या, म्हणजे वेळ बदलली किंवा काही रद्द झालं तर निरोप थेट घरी येईल.

अकोटा_नेट

एक प्रश्न काउंटर काकांना. तिकीट खरं, स्टेटस `OPEN`, दुसऱ्या दिवशीही नीट, आणि तरी विमानतळावर अडवलं, असं होऊ शकतं का? भाडं निम्मं सांगणारे एजंट आहेत, आणि ते क्रमांकही खरा देतात.

फतेहगंज_काउंटर

होऊ शकतं. दोन प्रकार माहीत आहेत. एक, चोरलेल्या कार्डावर काढलेलं तिकीट. कार्डाचा खरा मालक तक्रार करतो, एअरलाइन तिकीट रद्द करते, आणि हे आठवड्यांनंतरही घडतं. दुसरा, कुणाच्या तरी खात्यात विमानप्रवासातून साठलेले माइल्स वापरून काढलेलं आणि तुम्हाला रोखीने विकलेलं. माइल्सची अशी विक्री एअरलाइनच्या नियमांत बसत नाही, सापडलं की तिकीट रद्द.

माइल्सचं तिकीट ओळखायला ई-तिकीट पावतीत भाड्याची ओळ बघा. मूळ भाडं शून्य किंवा नसल्यासारखं आणि नुसते टॅक्स दिसत असतील तर एअरलाइनला विचारा. फक्त भाडं छापलेलंच नाही एवढ्यावरून काही ठरवू नका, कन्सॉलिडेटरच्या खास भाड्यात रक्कम झाकलेली असते. चोरीच्या कार्डाचं बाहेरून ओळखणं अवघड आहे. पावतीवर कार्डाचे शेवटचे चार आकडे तुमचे नसले तरी तो एजंटचा नेहमीचा मार्ग असू शकतो. तिथे भाव हीच खूण धरावी लागते. वारसिया_रोडना जो नऊ-दहा टक्के फरक मिळाला तो कन्सॉलिडेटरच्या भाड्यात बसतो. चाळीस टक्के स्वस्त तिकीट कुठल्याही कन्सॉलिडेटरकडे नसतं.

हरणी_पार्क

सीझन नसताना पंचवीस टक्केही मिळतात हो. मग रेघ कुठे ओढायची?

फतेहगंज_काउंटर

ग्रुपसाठी आगाऊ घेतलेल्या जागा शेवटी स्वस्तात निघतात, तेव्हा पंचवीसही शक्य आहे. पण मग एजंटला ती ग्रुपची जागा आहे हे सांगता आलं पाहिजे. अशा जागांवर नावं उशिरा पडतात आणि तिकीट क्रमांक निघायच्या थोडेच दिवस आधी येतो. मी स्वतः आई-वडिलांसारख्या प्रवाशांना ती घेऊ देत नाही. इथे इतरांचं मत वेगळं असेल तर जरूर लिहा.

वारसिया_रोड

आज दुपारी विचारलं. दोघांची आठही कूपन `OPEN`. बाबांचा मोबाइल पीएनआरमध्ये घातला.